पान, चूल आणि सुंभ: सहावीच्या एका गाण्याच्या नोंदी

१० जुलै

पान स्वतःचं अन्न कसं तयार करतं, हा धडा गणपतीच्या सुट्टीनंतर घ्यायचा आहे. यंदा आधी गाणं बसवायचं आणि मग धडा शिकवायचा, असं ठरवलंय. आमच्या वेंगुर्ल्याकडच्या मुलांना फुगडीची गाणी एकदा ऐकून पाठ होतात. प्रकाशसंश्लेषणाची व्याख्या मात्र चार दिवसांत विसरतात.

छंद अष्टाक्षरी घेतलाय. ओळीत आठ अक्षरं, दुसऱ्या आणि चौथ्या ओळीचं यमक. मुलांना बोटांवर मोजता येतं, आणि एखादा शब्द बसत नसेल तर तो का बसत नाही हेही त्यांना दाखवता येतं. आज रात्री पहिलं कडवं झालं:

पानामध्ये चूल पेटे,
ऊन तिचे सरपण;
पाणी घेते, हवा घेते,
पान शिजवी जेवण.

ठेका छान पडतो. सरपण, चूल, जेवण हे शब्द इथल्या प्रत्येक घरातले. उद्या वर्गात म्हणून बघते.

११ जुलै

दोनदा म्हटलं आणि मुलांना पाठ झालं. तिसऱ्यांदा म्हणताना खिडकीजवळचा एक मुलगा थांबला आणि म्हणाला, "बाई, मगे पान भाजणा कसा नाय?"

प्रश्न बरोबर होता. चूल पेटली तर चटका बसायलाच हवा. मी म्हटलं, पानातली चूल खरी नसते. त्यावर मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "न्हाणीच्या चुलीकडे कुंडी ठेवली तर रात्रीपण जेवाण करतला?"

मी उत्तर दिलं नाही. सगळ्यांना वहीत लिहायला सांगितलं: अंधाऱ्या पण उबदार जागी ठेवलेलं झाड अन्न तयार करील का? आज २३ जण हजर होते. त्यांतल्या १६ जणांनी "हो" लिहिलं. बहुतेकांचं कारण एकच होतं: ऊन म्हणजे उष्णता, आणि उष्णता तर चुलीजवळही आहे.

घरी आल्यावर लक्षात आलं की यात आपल्या भाषेचाही हात आहे. आकाशातून पडतं ते ऊन, आणि पानात वाढलेली पेजसुद्धा "ऊन ऊन". एकाच शब्दात उजेडही आहे आणि गरमपणाही. पानाला त्यातला उजेड कामाला येतो, पण माझ्या कडव्यातल्या चुलीने मुलांना दुसऱ्या अर्थाकडे नेलं.

चुलीची अडचण एवढ्यावर संपत नाही. चुलीत लाकूड जळतं तेव्हा हवेतला प्राणवायू वापरला जातो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. पान नेमकं उलटं करतं. म्हणजे मी पानासाठी जी उपमा निवडली, ती त्याच्या बरोबर विरुद्ध दिशेने चालणाऱ्या क्रियेची आहे. कडवं गोड आहे म्हणून ठेवायचं, हे मला पटणार नाही. वहीत त्यावर आडवी रेघ मारली.

१५ जुलै

मुलांना नुसतं "तसं नसतं" सांगण्यात अर्थ नाही, दाखवायला हवं. पानात पिष्ट तयार झालं की नाही, हे आयोडीनने कळतं. पिष्ट असेल तर पान निळं-काळं होतं, नसेल तर आयोडीनचा स्वतःचा तपकिरी पिवळा रंग राहतो.

आज रंगीत तालीम केली आणि ती फसली. परिपाठ संपल्यावर अंगणातल्या आंब्याचं एक पान तोडलं. आधी पाण्यात उकळलं, मग स्पिरिटमध्ये ठेवलं. अर्धा तास झाला तरी हिरवा रंग पुरता उतरेना. आंब्याचं पान जाड आणि वरून मेणचट असतं, स्पिरिट आत शिरायला वेळ लागतो. शेवटी जेमतेम फिकं झालेल्या पानावर आयोडीन टाकलं, तर तपकिरी. मुलं माझ्याकडे बघत होती. "बाई, उजेडातला पान होता ना?"

पान उजेडातलंच होतं. पण तोडलं सकाळी आठच्या आत, आणि त्यातून गेले चार दिवस आभाळ भरलेलं.

१६ जुलै

कालच्या फसण्याचं कारण वर्गात फळ्यावर मांडलं, कारण धड्यातला एक मोठा भाग त्यातच आहे. पान दिवसा साखर तयार करतं. सगळीच साखर लगेच बाहेर जात नाही. काही पानातच पिष्टाच्या कणांच्या रूपात साठते. रात्री पान ते पिष्ट फोडून पुन्हा साखर करतं आणि ती देठातून झाडाच्या बाकीच्या अंगाला पोचते, म्हणजे खोडाला, मुळांना, वाढत्या फळांना. त्यामुळे पहाटेपर्यंत साठा बराच रिकामा होतो. सकाळी आठला तोडलेल्या पानात पिष्ट शोधणं म्हणजे जेवणं आटोपल्यावर भाताच्या टोपात भात शोधणं.

पुढच्या वेळी पान दुपारी तीनच्या सुमारास तोडायचं, तेही उघडीप असलेल्या दिवशी. आणि आंबा, काजू, फणस यांच्या वाटेला जायचं नाही. जास्वंदीचं पान पातळ, लवकर फिकं पडतं.

रात्रीची ही वाटणी गाण्यात यायलाच हवी. प्रयोग फसला नसता तर माझ्या हे मनातही आलं नसतं. दोन ओळी तयार आहेत:

दिवसाचा साठा माझा
रात्री जातो देठातून.

बोलणारं पानच आहे, हेही आज नक्की झालं. "पान असं करतं" म्हणण्यापेक्षा पानाने स्वतः सांगितलेलं मुलं जास्त मनाने म्हणतात.

२८ जुलै

मधले दिवस पावसात गेले. तोवर मराठीच्या सरांकडे वही नेली. ते अक्षरं मोजण्यात पक्के.

अडलं ते वायूच्या नावाशी. "कार्बन डायऑक्साइड" मोजून नऊ अक्षरं, आठांच्या ओळीत मावतच नाही. सर म्हणाले, जुना शब्द घ्या, "कर्बद्विप्राणिल वायू". तो अगदी आठ अक्षरांचा! पण मग ती ओळ म्हणजे नुसतं नाव, आणि सहावीच्या मुलाची जीभ त्यावर अडखळते. शेवटी "कर्बवायू" घेतला. गाण्यात कर्बवायू, फळ्यावर कार्बन डायऑक्साइड, आणि दोन्ही एकच हे पहिल्याच दिवशी सांगायचं. ऑक्सिजनला प्राणवायू मुलांच्या कानावरचा आहे, त्याची अडचण नाही.

"उजेडाची मला भूक" अशीही एक ओळ केली होती. सरांना फार आवडली. मी काढून टाकली. भूक लागते ती अन्नाची, आणि उजेड हे पानाचं अन्न नाही. उजेड अन्न घडवण्याचं बळ देतो, अन्नात वस्तू म्हणून शिरत नाही. ओळ ठेवली असती तर पुढे वर्षभर "झाड सूर्यप्रकाश खातं" हे उत्तरपत्रिकांत वाचावं लागलं असतं.

४ ऑगस्ट

श्रावणातली उघडीप मिळाली. चुलीचा प्रयोग केला, नीट लिहून ठेवते.

जास्वंदीच्या तीन कुंड्या घेतल्या, एकाच झाडाच्या फांद्या लावून केलेल्या. तिन्ही दोन दिवस आणि दोन रात्री बंद कपाटात ठेवल्या, म्हणजे पानातला जुना साठा संपावा. संपला की नाही हे आज सकाळी प्रत्येकीचं एकेक पान तपासून पाहिलं. तिन्ही तपकिरी. ही पायरी गाळली तर पुढचं सगळं फुकट, कारण मग दिसणारं पिष्ट आजचं की परवाचं हे सांगता येत नाही.

दहा वाजता पहिली कुंडी व्हरांड्याच्या कडेला उजेडात ठेवली. दुसरी शाळेशेजारच्या घरातल्या न्हाणीच्या चुलीपासून हातभर अंतरावर ठेवली आणि वर मातीचा मोठा हंडा पालथा घातला. विस्तवाचा लालसर उजेडही आत जाऊ नये, फक्त ऊब जावी, यासाठी हंडा. हवा खेळावी म्हणून तो दोन पातळ चिपांवर टेकवला आणि फटीवर काळं फडकं सैल टाकलं. तिसरी कुंडी परत कपाटात, अंधारात आणि गारव्यात. व्हरांड्यात तापमान २९ अंश होतं, हंड्याखाली ३५.

तीन वाजता तिन्हींचं पान तोडलं. कोणतं कुठलं हे विसरू नये म्हणून पहिल्याच्या देठाला दोरा बांधला, दुसऱ्याच्या टोकाला कातरलं, तिसरं तसंच ठेवलं. दोन मिनिटं पाण्यात उकळलं, मग गॅस पूर्ण बंद केला. स्पिरिटचं चंचुपात्र त्या गरम पाण्यात ठेवलं आणि पानं त्यात सोडली. स्पिरिट ७८ अंशांना उकळतं आणि त्याची वाफ चटकन पेट घेते, म्हणून ते कधीही थेट आचेवर ठेवायचं नाही. हे काम मी स्वतः केलं आणि मुलांना दोन पावलं मागे उभं केलं. दहा मिनिटांत स्पिरिट हिरवंगार झालं आणि पानं सायीच्या रंगाची. स्पिरिटमधून काढलेलं पान कडक होतं, हात लावला की तुटतं. म्हणून ते पुन्हा क्षणभर गरम पाण्यात बुडवून मऊ केलं आणि पांढऱ्या बशीत पसरलं. आयोडीन कोऱ्या चहाच्या रंगाइतकं पातळ केलेलं होतं. गडद टाकलं तर सगळीच पानं काळपट वाटतात आणि फरक कळत नाही.

दोराबांधलं पान शिरांच्या कडेने निळं पडायला लागलं आणि पाहता पाहता शाईसारखं झालं. चुलीजवळचं पिवळट तपकिरी. कपाटातलंही तसंच. चुलीजवळच्या आणि कपाटातल्या पानांत काही फरकच नव्हता, मुलांनी बशा अदलाबदल करून पाहिल्या.

११ जुलैला प्रश्न विचारणारी मुलगी बराच वेळ चुलीच्या बशीवर वाकून होती. मग तिने स्वतःच वर्गाला सांगितलं की ऊब होती, पाणी होतं, हवा होती, फक्त उजेड नव्हता.

एक गोष्ट इथे नोंदवायला हवी. ऊब पानाला अजिबात लागत नाही असं नाही. फार थंडीत हे काम मंदावतं आणि फार तापलं तर बंद पडतं. पण ऊब उजेडाची जागा घेऊ शकत नाही. गाण्याची पहिली ओळ "नको मला आच-धग" अशी केलीय. आच आणि धग हे विस्तवाचेच शब्द आहेत, त्यामुळे ओळ खोटी पडत नाही.

९ ऑगस्ट

चूल गेली, पण तिच्या जागी काय? उपमा नसेल तर गाणं म्हणजे यमकातली व्याख्या होते.

आज उत्तर मिळालं ते एका विद्यार्थ्याच्या पडवीत. मी त्याची हजेरी विचारायला गेले होते. त्याची आजी सुंभ वळत बसली होती. खाडीच्या पाण्यात कुजवून झोडलेल्या सोडणांचा काथ्या समोर, त्याचे दोन पेड, आणि दोन्ही तळव्यांमध्ये पीळ. मी बघत बसले तर म्हणाली, "पीळ हाताचो असता बाई, काथ्याचो नाय."

पान हेच तर करतं. एक पेड पाण्याचा, एक पेड कर्बवायूचा. नुसते शेजारी ठेवले तर काही होत नाही, वळायला बळ लागतं आणि ते बळ उजेडाचं. हाताचं बळ सुंभात वस्तू म्हणून उतरत नाही, सुंभाचं वजन काथ्याइतकंच राहतं. पण पीळ सुंभात साठून राहतो, सोडला तर उलगडताना जाणवतो. उजेडही साखरेत तसाच राहतो. आणि सगळ्यात मोलाचं म्हणजे लाकूड चुलीत घातलं की हाच पीळ सुटतो. बाहेर येतात तो कर्बवायू, ती पाण्याची वाफ, आणि इतके दिवस धरून ठेवलेलं ऊन. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात. पानाने वळलेला सुंभ जळतो तेव्हा मात्र पीळच ज्वाळा होऊन बाहेर पडतो.

चूल गाण्यात परत आली, पण शेवटच्या कडव्यात आणि उलट्या दिशेने. तिची जागा तीच होती.

ही उपमा कुठे अपुरी पडते, तेही लिहून ठेवते. सुंभात दोन्ही पेड अख्खे राहतात. पानात तसं होत नाही, पाणी फुटतं आणि त्यातला प्राणवायू सुटा होऊन बाहेर जातो. वळताना काथ्याचा भुसा खाली पडतो तसं मुलांना सांगता येईल.

१३ ऑगस्ट

"पाणी फुटता सुटतो / प्राणवायू दारातून" या ओळींवर शाळेत चर्चा झाली. एका सहकाऱ्यांचं म्हणणं, सहावीला एवढं कशाला? "कर्बवायू आत घेते, प्राणवायू बाहेर देते" एवढंच म्हणावं.

ती ओळ ऐकली की कोणालाही वाटतं की कर्बवायूतलाच प्राणवायू पान वेगळा काढून देतं. पूर्वी शास्त्रज्ञांनाही तसंच वाटत होतं. १९४१ साली रूबेन आणि कामेन यांनी एका सूक्ष्म हिरव्या शेवाळाला नेहमीपेक्षा जड ऑक्सिजन असलेलं पाणी दिलं, तेव्हा बाहेर आलेल्या वायूत तो जड ऑक्सिजन सापडला. कर्बवायूत जड ऑक्सिजन घातला तेव्हा तसा सापडला नाही. म्हणजे बाहेर पडणारा प्राणवायू पाण्यातला. सहावीत हा प्रयोग शिकवणार नाही. पण नववीत पुसावी लागेल अशी ओळ सहावीत पाठ करून घ्यायची नाही, एवढं मी धरून राहिले. दोन्हींची लांबी जवळपास सारखीच आहे, उलट त्यांच्या दुसऱ्या ओळीत एक अक्षर जास्तच भरतं. मग बरोबर असलेलीच घ्यायला काय हरकत?

११ सप्टेंबर

गणपती झाले, वर्ग पुन्हा भरला. आज "पाणी एक, हवा एक, / दोन घेते असे पेड" म्हटलं तर एक मुलगा म्हणाला, "बाई, खत ऱ्हवला. माझ्या आजयेन सांगल्यान, खत म्हणजे झाडाचा जेवाण."

मी हेच येण्याची वाट पाहत होते. शेणखत, सोनखत, मासळीची कुटी माडाच्या आळ्यात घालणारं हे गाव. खताने माड बहरतो हे डोळ्यांना दिसतं, त्याला चूक कसं म्हणणार? मी म्हटलं, खत जेवणातल्या मिठासारखं. मीठ नसेल तर जेवण बिघडतं, पण नुसत्या मिठाने पोट भरत नाही. झाडाला मातीतून नत्र, पालाश असं बरंच काही लागतं, पण थोडं थोडं. खोडाचा भार त्यातून येत नाही.

मग फान हेल्माँट यांची गोष्ट सांगितली. सतराव्या शतकातला हा गृहस्थ. त्याने सुमारे ९० किलो सुकी माती एका मोठ्या कुंडीत भरली आणि त्यात सव्वादोन किलोचं वाळुंजाचं रोप लावलं. पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड ७६ किलोंच्या वर गेलं. माती पुन्हा सुकवून तोलली तर साठेक ग्रॅमच कमी भरली. १६४८ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, हे छापून आलं. मुलांना मी विचारलं, मग ७४ किलो आले कुठून? सगळ्यांनी पाणी म्हटलं. हेल्माँटचंही तेच उत्तर होतं. अर्धंच बरोबर. कुंडीभोवतीची हवा त्याने तोललीच नव्हती.

हवेचा हिशेब फळ्यावर केला. सुक्या लाकडाचं जवळजवळ अर्धं वजन कार्बनचं असतं. म्हणजे चुलीत घालायच्या एक किलो लाकडात अर्धा किलो कार्बन, आणि तो सगळा हवेतला. त्यासाठी झाडाला सुमारे १ किलो ८०० ग्रॅम कर्बवायू घ्यावा लागला. पण हवेच्या दहा हजार भागांत कर्बवायू जेमतेम चार भाग! एक घनमीटर हवेत पाऊण ग्रॅम. आमचा वर्ग सहा मीटर लांब, सहा रुंद आणि तीन उंच, म्हणजे १०८ घनमीटर. भागाकार मुलांनीच केला. अशा साधारण २२ वर्गांतली हवा पूर्ण गाळली तर त्यातून एक किलो सरपण.

वर्गात कोणी बोललं नाही थोडा वेळ. मग कोणीतरी खिडकीतून दिसणाऱ्या माडाकडे बोट दाखवून विचारलं, तो सगळा हवा आहे का. मी म्हटलं, हवा आणि पाणी, उजेडाने वळलेलं.

१८ सप्टेंबर

गाणं पूर्ण झालं. पहिल्या कडव्यातली दुसरी ओळ आधी "हवा मला तो उजेड" अशी होती. पुढच्याच ओळीत "हवा एक" येत असल्याने मुलं हवा आणि हवा यांत गोंधळली. तिथे "लागे" केलं. "दारे" म्हणजे पानाच्या खालच्या बाजूची पर्णरंध्रं. आंब्याची दारं खालीच असतात. कमळासारख्या पाण्यावर तरंगणाऱ्या पानांची मात्र वर, कारण खाली पाणी. ते तोंडी सांगायचं.

नको मला आच-धग,
लागे मला तो उजेड;
पाणी एक, हवा एक,
दोन घेते असे पेड.

पाणी येते मुळांतून,
देठामधून वरती;
कर्बवायू शिरे आत,
दारे बारीक खालती.

हिरव्या माझ्या रंगाने
उजेडाचा देते पीळ;
वळता वळता होते
साखर ही तीळ तीळ.

पाणी फुटता सुटतो
प्राणवायू दारातून;
दिवसाचा साठा माझा
रात्री जातो देठातून.

फळा, खोडा, कंदा, मुळा
माझ्या हातचे जेवण;
चुलीमध्ये सुटे पीळ,
माझेच ते सरपण.

मुलींनी फुगडीच्या चालीवर घेतलं, मुलगे बाकावर ठेका धरतात. तिसऱ्या कडव्याला सगळे तळव्यावर तळवा घासून सुंभ वळतात. हे मी शिकवलेलं नाही.

२५ सप्टेंबर

११ जुलैचा प्रश्न न सांगता पुन्हा वहीत लिहून घेतला. त्याच २३ जणांपैकी अंधारातल्या उबेत अन्न तयार होतं म्हणणारे आज तीन. त्या तिघांशी जेवणाच्या सुट्टीत बोलले. दोघे चार ऑगस्टला गैरहजर होते, गाणं त्यांना पाठ होतं पण बशी पाहिली नव्हती. म्हणजे नुसत्या गाण्याने भागलेलं नाही. पुढच्या वर्षी प्रयोग आधी, गाणं मागाहून. तिसऱ्याने लिहिलं होतं, "रात्री साठ्यातलं पिष्ट फोडून साखर करतो म्हणून हो." त्याच्या उत्तराला मी चूक म्हणू शकले नाही. माझा प्रश्नच ढिला होता. "नवीन अन्न" असं विचारायला हवं होतं.

२९ सप्टेंबर

आज "हिरव्या माझ्या रंगाने" म्हणताना एका मुलीने हात वर केला. तिच्या परसात लाल माठ आहे, वरून खालून लाल. तो उपाशी राहतो का?

मी तिला उद्या जुडी आणायला सांगणार होते, पण ती म्हणाली शाळेच्या भाजीच्या वाफ्यातच आहे. तिथूनच चार पानं आणली. पातेल्यात पाणी उकळायला ठेवलं आणि पानं सोडली. पाणी गुलाबी झालं, मग गडद लाल. घरी भाजी करताना हे सगळ्यांनी पाहिलेलं, त्यामुळे कोणाला विशेष वाटलं नाही. मग चिमट्याने एक पान वर काढून पांढऱ्या बशीत पसरलं. लाल रंग पाण्यात उतरला होता. उरलेलं पान हिरवं होतं.